पाचरीवरचा ठोकळा आणि छद्मबलाचा वाद

एका बाजूने उभी आणि दुसऱ्या बाजूने उतरती अशी लाकडी पाचर गुळगुळीत टेबलावर ठेवली आहे. तिच्या उतारावर एक ठोकळा आहे. उतारही गुळगुळीत आहे, म्हणजे ठोकळा आणि पाचर यांच्यात घर्षण नाही. ठोकळा सोडून दिला तर तो घसरणारच, आणि घसरताना पाचरीलाही मागे सारणार, कारण टेबल तिला धरून ठेवत नाही. आता पाचरीच्या उभ्या बाजूवर तळहात टेकवून तिला निमुळत्या टोकाच्या दिशेने आडवी ढकलायची. हलकेच ढकलली तर ठोकळा घसरतो, पण पूर्वीपेक्षा सावकाश. फार जोरात ढकलली तर तो उलट उताराने वर चढू लागतो. या दोहोंच्या मध्ये ढकलण्याचे एकच माप असे असते की ठोकळा उतारावर जिथे ठेवला तिथेच राहतो. ते माप किती, हा प्रश्न अकरावीच्या भौतिकशास्त्रात दर वर्षी सोडवला जातो.

उदाहरणापुरते आकडे ठरवून घेतले की बोलणे सोपे जाते. पाचरीचा पाया ४० सेंटिमीटर, उभी बाजू ३० सेंटिमीटर, म्हणजे उताराची लांबी ५० सेंटिमीटर. हा ३-४-५ चा त्रिकोण असल्यामुळे उताराचा कोन θ सुमारे ३७ अंश येतो; sin θ = ०.६, cos θ = ०.८ आणि tan θ = ०.७५. पाचर ४ किलोग्रॅमची, ठोकळा २ किलोग्रॅमचा. गुरुत्वत्वरण g सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले आहे.

या गणिताच्या दोन रीती आहेत. एकीत सोडवणारा जमिनीवर उभा असतो, दुसरीत तो पाचरीवर बसलेला असतो. कोणती रीत आधी शिकवावी यावरून शिक्षकांत नेहमीच दोन तट पडतात. पुढील संवादातले सर पहिल्या तटातले, मॅडम दुसऱ्या.

सर : मॅडम, मुलांना पहिल्याच तासाला स्यूडो फोर्स दिला की ती न्यूटन विसरतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. बल म्हटलं की ते कुणीतरी लावलेलं असायला हवं. ठोकळ्याला हात कोण लावतंय? खालून पृथ्वी ओढतेय आणि उताराकडून पाचर रेटतेय. झालं. तिसरं कुणी नाही.

मॅडम : जमिनीवरून पाहिलं तर नाहीच, सर. तुम्ही दोन बलांत गणित पुरं करून दाखवा, मग मी माझं तिसरं बल का आणते ते सांगते.

सरांची रीत अशी. ठोकळ्यावर दोनच बले आहेत. एक त्याचे वजन mg, सरळ खाली. दुसरी पाचरीची लंब प्रतिक्रिया N, उताराला काटकोनात. उतार तिरका असल्यामुळे N सुद्धा तिरकी असते आणि तिचा कल निमुळत्या टोकाकडे, म्हणजे पाचर जिकडे ढकलली आहे तिकडेच असतो. ठोकळा पाचरीवर जागचा हलत नसेल तर तो पाचरीबरोबर त्याच त्वरणाने आडवा जात असला पाहिजे. वर किंवा खाली तो जात नाही. त्यामुळे अक्ष उभा आणि आडवा असे घेतले तर दोन समीकरणे मिळतात :

N cos θ = mg
N sin θ = ma

पहिल्यावरून N = mg / cos θ. दुसऱ्याला पहिल्याने भागले की N आणि m दोन्ही उडून जातात आणि a = g tan θ एवढेच उरते. आकडे घातले तर त्वरण ७.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि N = २० / ०.८ = २५ न्यूटन.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण उत्तरपत्रिकांमध्ये सर्वांत जास्त गुण इथेच जातात. स्थिर उतारावरच्या ठोकळ्यासाठी N = mg cos θ हे सूत्र विद्यार्थ्याने इतक्या वेळा लिहिलेले असते की ते हात आपोआप लिहून टाकतो. तसे केले तर N सोळा न्यूटन येते. खरी किंमत पंचवीस आहे. फरक का पडतो हे कळायला आधीचे सूत्र कुठून आले ते पाहावे लागते. स्थिर उतारावर ठोकळ्याला उताराच्या लंब दिशेने त्वरण नसते. म्हणून त्या दिशेने N आणि mg cos θ यांचा तोल साधलेला असतो. ढकललेल्या पाचरीवर मात्र ठोकळ्याचे त्वरण आडवे आहे, आणि आडव्या दिशेचा काही भाग उताराच्या लंब दिशेत येतो. त्या दिशेने तोल नाही. पाचर ठोकळ्याला नुसते उचलून धरत नाही, पुढेही रेटते आहे, आणि हे दोन्ही काम एकटी N करते. म्हणून ती वाढते.

सर : बघा, कुठेही खोटं बल आणलं नाही.

मॅडम : बरोबर. पण उभा-आडवा अक्ष तुम्ही का निवडला? एरवी उताराचं गणित आलं की आपण अक्ष उताराला समांतर आणि लंब घेतो ना?

सर : त्वरण आडवं आहे म्हणून. त्वरणाच्या दिशेने एक अक्ष ठेवला की दुसऱ्यात शून्य येतं.

मॅडम : म्हणजे मुलानं समीकरण लिहायच्या आधीच ओळखायचं की ठोकळा उतारावर असला तरी त्याचं त्वरण उताराच्या दिशेने नाही. नेमकं हेच त्याला ओळखता येत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ठोकळा स्थिर आहे. प्रश्नातही ‘स्थिर राहतो’ असंच लिहिलेलं असतं. माझ्या रीतीत तो खरोखरच स्थिर असतो.

मॅडमची रीत पाचरीवर बसून पाहण्याची आहे. पाचरीवर बसलेल्या माणसाला ठोकळा जागच्या जागी दिसतो; त्याचे त्वरण शून्य. पण त्याच्यावरची बले मोजली तर वजन आणि लंब प्रतिक्रिया यांची बेरीज शून्य येत नाही, आडवी उरते. बल आहे आणि त्वरण नाही, असा पेच पडतो. याचे कारण पाचरीला स्वतःलाच त्वरण आहे. त्वरण असलेल्या निर्देशचौकटीत न्यूटनचा दुसरा नियम जसाच्या तसा चालत नाही. तो चालवून घ्यायचा असेल तर प्रत्येक वस्तूवर एक जादा बल धरावे लागते. त्याची किंमत वस्तूचे वस्तुमान गुणिले चौकटीचे त्वरण, आणि दिशा चौकटीच्या त्वरणाच्या बरोबर उलट. हेच छद्मबल. पाचर उजवीकडे ढकलली असेल तर ठोकळ्यावर छद्मबल ma डावीकडे, म्हणजे पाचरीच्या उंच बाजूकडे. एसटीने अचानक वेग घेतला की उभा प्रवासी मागे ढकलला जातो, त्याला मागे रेटणारे हेच बल. स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबात ते नसते, त्याच्या दृष्टीने बसच प्रवाशाच्या पायाखालून पुढे निघालेली असते.

आता पाचरीवर बसून पाहिले तर ठोकळ्यावर तीन बले आहेत आणि त्यांचा तोल साधलेला आहे. तोल साधलेला असला की अक्ष कोणतेही घेतले तरी चालतात, म्हणून विद्यार्थ्याच्या सवयीचे उताराला समांतर अक्ष घ्यावेत. वजनाचा उताराच्या दिशेचा भाग mg sin θ खाली खेचतो. छद्मबलाचा उताराच्या दिशेचा भाग ma cos θ वर ढकलतो. N उताराला लंब असल्यामुळे या समीकरणात येतच नाही. ठोकळा घसरू नये एवढीच अट असल्याने :

ma cos θ = mg sin θ

म्हणून a = g tan θ. एका ओळीत उत्तर येते, आणि N काढण्याची गरज पडत नाही. ती हवीच असेल तर लंब दिशेचा तोल लिहावा : N = mg cos θ + ma sin θ. आकड्यांनी १६ अधिक ९, म्हणजे पंचवीस. स्थिर उताराचे जुने सूत्र इथे मोडीत निघत नाही, त्यात फक्त एक पद जास्त मिळते, आणि ते पद कुठून आले तेही दिसते.

सर : एका ओळीत आलं खरं. पण मॅडम, हीच ओळ मी जमिनीवरून लिहू शकतो. उताराच्या दिशेने बल फक्त mg sin θ, खाली. आणि आडव्या त्वरणाचा त्या दिशेचा भाग a cos θ, तोही खालच्या बाजूलाच. दुसरा नियम लावला, mg sin θ = ma cos θ. तुमच्या तिसऱ्या बलाशिवाय.

मॅडम : हो, तीच ओळ आहे. तुम्ही ma ला त्वरणाच्या बाजूला ठेवता, मी उचलून बलांच्या बाजूला नेते आणि चिन्ह बदलते. छद्मबल म्हणजे मुळात एवढंच आहे. बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलेलं ma.

हे वाक्य मॅडमनी सहज म्हटले असले तरी वादाचा गाभा त्यात आहे. फ्रेंच गणितज्ञ द'आलांबेर याने १७४३ मध्ये गतिशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला त्यातून पुढे रूढ झालेले तत्त्व याच वळणाचे आहे : गतीचा प्रश्न तोलाच्या प्रश्नासारखा मांडता येतो. तोलाचे प्रश्न माणसाला गतीच्या प्रश्नांपेक्षा सोपे वाटतात, म्हणून ही मांडणी टिकली.

मात्र ma बरोबरच्या चिन्हापलीकडे न्यायचे म्हणजे एका बाजूने पुसायचे आणि दुसऱ्या बाजूने लिहायचे. विद्यार्थी पुसायला विसरतो. तो आकृतीत छद्मबल डावीकडे काढतो, मग समीकरण लिहिताना सवयीने उजवी बाजू ma अशी ठेवतो. N sin θ − ma = ma असे काहीतरी होते, आणि त्यातून त्वरण नेमके निम्मे, ३.७५ येते. उत्तर निम्मे आले की चूक बहुधा हीच असते. याच्या खालोखालची चूक दिशेची. छद्मबल हाताच्या ढकलण्याच्याच दिशेने काढले तर तेही ठोकळ्याला खालीच लोटू लागते, आणि मग कितीही जोर लावला तरी ठोकळा थांबत नाही असे गणित सांगते. तिसऱ्या चुकीत विद्यार्थी हाताचे बल F थेट ठोकळ्यावर काढतो. हात ठोकळ्याला लागलेलाच नाही. हाताचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त पाचरीच्या N मधून.

सर : माझं म्हणणं हेच तर आहे. चुकीला जागा जास्त. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं काय? पाचर ठोकळ्याला रेटते, ठोकळा पाचरीला रेटतो. पृथ्वी ठोकळ्याला ओढते, ठोकळा पृथ्वीला. तुमच्या ma ची जोडी कुठे आहे?

मॅडम : नाहीये. तिथे मी हरते, सर. छद्मबलाला प्रतिक्रिया नसते. म्हणूनच मी मुलांना सांगते, की हे बल कोण लावतंय असा प्रश्न विचारू नका, आपण कुठे बसलोय असा विचारा. पण अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने का फिरतात हे सांगताना तुम्हीसुद्धा कोरिऑलिस बलच सांगता ना? तेही छद्मबलच आहे, त्यालाही जोडी नाही.

सर : ते सांगतो, कारण फिरत्या पृथ्वीवर बसून बघणं आपल्याला भागच आहे. पाचरीवर बसायची सक्ती नाही.

या मुद्द्यावर सरांचे म्हणणे रास्त आहे. कोणत्या चौकटीतून पाहायचे हे सोयीने ठरवायचे असते, आणि वरच्या गणितापुरती दोन्ही चौकटींची सोय जवळजवळ सारखी आहे. ठोकळा हललाच नाही तर जमिनीवरच्यालाही त्रास नसतो. खरी कसोटी लागते ती तो हलू लागल्यावर.

त्याआधी हाताचे बल काढायचे राहिले आहे. ठोकळा पाचरीवर स्थिर असताना दोन्ही मिळून एकच ६ किलोग्रॅमची वस्तू असल्यासारखी पुढे जाते. बाहेरून आडवे लागलेले बल फक्त हाताचे. म्हणून

F = (M + m) g tan θ

म्हणजे ६ × ७.५ = ४५ न्यूटन. पडताळा पाचरीवर घेता येतो. हात तिला ४५ न्यूटनने पुढे ढकलतो. ठोकळा N च्या आडव्या भागाने, २५ × ०.६ = १५ न्यूटनने, मागे रेटतो. उरले तीस, आणि ४ किलोग्रॅमला ७.५ चे त्वरण द्यायला तीसच लागतात. या पडताळ्यात M आणि m दोन्ही येतात, पण त्वरणाच्या सूत्रात यातले एकही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ठोकळ्याच्या जागी दुप्पट जड ठोकळा ठेवला तर हाताला जास्त जोर लावावा लागेल, पण गाठायचे त्वरण तेच राहील. ते फक्त उताराच्या कोनावर अवलंबून आहे.

मॅडम : आता सर, समजा हातानं ४५ ऐवजी ४० न्यूटन लावले. ठोकळा घसरणार. किती वेगानं?

सर : ४० भागिले ६, त्वरण ६.६७… नाही, थांबा. घसरत असेल तर दोघांचं त्वरण एक नाही. ६ नं भागता येणार नाही.

मॅडम : आणि जमिनीवरून ठोकळ्याचं त्वरण ना आडवं, ना उताराच्या दिशेने. मधलंच काहीतरी तिरकं.

या ठिकाणी छद्मबल आपली किंमत वसूल करते. पाचरीचे त्वरण a मानावे. ते अजून माहीत नाही. पाचरीवर बसून पाहिले तर ठोकळा फक्त उताराच्या दिशेनेच हलू शकतो, त्यामुळे लंब दिशेचा तोल पूर्वीसारखाच कायम राहतो : N = १६ + १.२a. पाचरीसाठी जमिनीवरचे समीकरण लिहावे, ४० − ०.६N = ४a. यात N घातले की ३०.४ = ४.७२a, म्हणून a = ६.४४. उताराच्या दिशेने ठोकळ्याचे पाचरीच्या तुलनेत त्वरण g sin θ − a cos θ, म्हणजे ६ − ५.१५ = ०.८५ मीटर प्रति सेकंद वर्ग, खाली. ठोकळा उताराच्या मध्यावर ठेवला असेल तर पुढचे २५ सेंटिमीटर घसरायला त्याला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाचर सुमारे १.९ मीटर पुढे गेलेली असते. ५० न्यूटन लावले तर तेच ०.८५ उताराच्या वरच्या दिशेने येते. ४५ घातले की शून्य.

जमिनीवरूनही हे सुटते, पण ठोकळ्याचे त्वरण पाचरीचे त्वरण आणि उतारावरचे त्वरण यांच्या बेरजेत मांडावे लागते, आणि त्या बेरजेचे घटक पाडताना चिन्हे चुकतात. सरांनी ते फळ्यावर करून दाखवले. उत्तर तेच आले, फळा मात्र भरला.

सर : ठीक आहे. हलत्या ठोकळ्यासाठी तुमची रीत सरस. पण एक सांगा, पाचरीवर बसल्यावर तुम्हाला नेमकं दिसतं काय? बल लिहिणं वेगळं आणि दिसणं वेगळं.

मॅडम : खाली कुठे आहे, ते बदललेलं दिसतं.

पाचरीवर बसलेल्या माणसाला वजन mg आणि छद्मबल ma हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात असतात, दोन्ही प्रत्येक वस्तूवर सारख्या रीतीने लागतात. म्हणून त्याला त्यांची बेरीज हेच गुरुत्व वाटते. खाली १० आणि मागे ७.५ यांची बेरीज १२.५ येते, आणि तिची दिशा उभ्या रेषेपासून ३७ अंशांनी मागे झुकलेली असते. उताराचा कोनही ३७ अंशच आहे; म्हणजे हे नवे ‘खाली’ उताराला बरोबर लंब आहे. पाचरीवर ओळंबा टांगला तर त्याची दोरी उताराला काटकोनात राहील. पाण्याने भरलेले उथळ ताट तिच्यावर ठेवले, पाण्याचे डुचमळणे थांबू दिले, तर पाण्याची पातळी उताराला समांतर दिसेल. पाचरीवरच्यासाठी उतार हा उतारच राहिलेला नसतो, सपाट फरशी झालेली असते. त्या फरशीवर २ किलोग्रॅमचा ठोकळा २ × १२.५ = २५ न्यूटनने दाब देतो. हीच ती N, जी सरांनी सुरुवातीला mg / cos θ म्हणून काढली होती.

हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की काही गोष्टी गणित न करताच कळतात. सपाट फरशीवर गुळगुळीत वस्तू कुठेही ठेवली तरी ती तिथेच राहते. म्हणून ठोकळा उताराच्या वरच्या टोकाला ठेवा, मध्यावर ठेवा किंवा तळाशी, ४५ न्यूटनला तो सगळीकडे सारखाच स्थिर असतो. सपाट फरशीवर सरकत असलेली गुळगुळीत वस्तू सरकतच राहते. म्हणून ठोकळा आधीच उतारावर हलत असेल तर नेमके बल लावूनही तो थांबणार नाही, त्याच वेगाने पुढे जात राहील. हे बल ठोकळ्याचे पाचरीच्या तुलनेतले त्वरण शून्य करते, वेग शून्य करत नाही. प्रश्नात ‘सुरुवातीला दोन्ही स्थिर’ असे लिहिलेले असते ते यासाठी. आणि सपाट फरशीवर जरासा कल आला की वस्तू निसटते, तसे बल ४५ हून थोडेही इकडे तिकडे झाले की ठोकळा हळूहळू सरकू लागतो. त्याला जागेवर परत आणणारे काहीच नसते.

सर : म्हणजे प्रत्यक्षात हे कधीच जमणार नाही. हातानं अचूक ४५ कोण लावणार? आणि साडेसात त्वरणानं दोन मीटरचं टेबल पाऊण सेकंदात संपतं.

मॅडम : पूर्ण गुळगुळीत असेल तर नाही जमणार. खऱ्या लाकडात घर्षण असतं, म्हणून जमतं.

घर्षण आले की एकाच बलाच्या जागी बलांचा पट्टा मिळतो. ठोकळा आणि उतार यांच्यातला स्थितिक घर्षणांक ०.२५ धरला, टेबल गुळगुळीतच ठेवले, तर त्वरण सुमारे ४.२ पासून १२.३ पर्यंत काहीही असले तरी ठोकळा हलत नाही. हाताच्या बलात सांगायचे तर साधारण २५ न्यूटनपासून ७४ न्यूटनपर्यंत. पट्ट्याच्या खालच्या टोकाला घर्षण ठोकळ्याला वर धरून ठेवते, वरच्या टोकाला ते त्याला खाली ओढते, आणि मध्ये कुठेतरी, बरोबर ४५ न्यूटनला, ते शून्य असते. गुळगुळीत पाचरीचे उत्तर असे खडबडीत पाचरीच्या आतच दडलेले असते. घर्षण नसलेले गणित हे खोटे गणित, असा समज विद्यार्थ्यांत असतो. तो निदान इथे तरी चुकीचा आहे.

हात सोडून प्रयोग करायचा तर निमुळत्या टोकाला दोरा बांधून तो टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली सोडतात आणि त्याला वजन टांगतात. ४५ न्यूटन हवेत म्हणून ४.५ किलोग्रॅम टांगावे असे वाटते.

सर : ही चूक माझ्या हुशार मुलांचीही होते.

मॅडम : आणि ही चूक स्यूडो फोर्समुळे होत नाही, एवढं मान्य करा.

सर : केलं. ही चूक जमिनीवरच होते.

टांगलेले वजन स्वतःही त्याच त्वरणाने खाली येत असते, त्यामुळे दोऱ्यातला ताण त्याच्या वजनापेक्षा कमी भरतो. ७.५ त्वरणाने खाली येणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅममागे दोऱ्याला फक्त १० − ७.५ = २.५ न्यूटन मिळतात. ४५ न्यूटन ताण हवा तर १८ किलोग्रॅम टांगावे लागतात, पाचर आणि ठोकळा मिळून होतात त्याच्या तिप्पट. उतार जितका उभा, तितके हे वजन वेगाने वाढत जाते. ४५ अंशांच्या पाचरीसाठी ठोकळ्याला थोपवायला g एवढेच त्वरण लागते, आणि दोऱ्याला टांगलेले वजन पाचर ओढत असताना g एवढ्या त्वरणाने पडूच शकत नाही. तिथे कितीही जड वजन टांगले तरी ठोकळा घसरतोच.